उडालेले पत्रे, भिजलेल्या गाद्या आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं पत्र

विम्याच्या दाव्यांचे कागद जुळवून देणं हे माझं काम. एका हॉटेलमालकाचा फोन आला तेव्हा वादळ होऊन दोन दिवस झाले होते आणि विमा कंपनीला त्यांचं पत्र आधीच गेलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं.

"महोदय, काल रात्रीच्या भीषण वादळात आमच्या हॉटेलचे अतोनात नुकसान झाले आहे. संपूर्ण छत उडून गेले असून सर्व फर्निचर खराब झाले आहे. व्यवसाय ठप्प आहे. नुकसान अंदाजे 9,50,000 इतके आहे. तरी लवकरात लवकर भरपाई मिळावी ही विनंती. सोबत फोटो जोडले आहेत."

या पत्रात एकच गोष्ट चांगली होती: ते दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. नुकसान कळताच कंपनीला कळवणं ही पॉलिसीची अट असते आणि उशिरा कळवल्यामुळे अडलेले दावे मी पाहिले आहेत. बाकी सगळं नडणारं होतं. "संपूर्ण छत" म्हणजे किती? "सर्व फर्निचर" म्हणजे कोणत्या खोलीतलं? 9,50,000 हा आकडा आला कुठून? आकड्याचं विचारल्यावर मालक म्हणाले, "ठेकेदार म्हणाला सहा लाख छताचे, बाकी मीच धरले." (या लेखातल्या रकमा गोल केल्या आहेत. चलन कोणतंही समजा, हिशोब तोच राहतो.)

त्याच दिवशी मी जागेवर गेलो. दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर मधून बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा खोल्या. छत उतरतं, धातूच्या पत्र्यांचं, दोन पाखी. प्रत्येक पाखं 24 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद. एका पत्र्याची रुंदी, एकावर एक चढणारी कड वजा केली की, 1 मीटर, लांबी 6 मीटर. म्हणजे एका पाख्याला 24 पत्रे, दोन्हींचे मिळून 48.

आम्ही शिडी लावून मोजले. पश्चिमेच्या पाख्यावरचे नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सलग 9 पत्रे गायब होते. त्यातले सात मागच्या आवारात सापडले, दोन कुंपणापलीकडे. त्यांना लागून असलेले आणखी 5 जागेवर होते पण वाकलेले, कडेने उचलले गेलेले. एकूण 14 पत्रे, 84 चौरस मीटर. पूर्वेच्या पाख्यावरचा एकही पत्रा हललेला नव्हता. 48 पैकी 14 म्हणजे "संपूर्ण छत" नव्हे. हे कंपनीकडून पाहणीला येणाऱ्या सर्वेक्षकाने मोजायच्या आधी आपणच मोजलेलं बरं. त्याने मोजलं असतं तर पत्रातल्या बाकीच्या प्रत्येक ओळीकडे तो संशयाने बघायला लागला असता.

नुकसान कोपऱ्यातून सुरू झालं हेही नोंदवण्यासारखं होतं. वारा उतरत्या छतावरून जाताना पत्रा दाबण्याऐवजी वर ओढतो, आणि ही ओढ कोपऱ्यांवर, कडांवर आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते. त्यामुळे वाऱ्याने उडालेलं छत बहुधा कोपऱ्यातून सोलत जातं. एकदा पहिला पत्रा गेला की वारा आत शिरतो आणि पुढच्या पत्र्याला खालूनही ढकलतो. इथे तोच क्रम दिसत होता.

यानंतर मी जे पाहिलं त्यावर हा सगळा दावा उभा राहिला. पत्रे खालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना स्क्रूने बसवलेले होते, प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती. उडालेल्या जागी स्क्रू बहुतेक जागच्या जागी उभे होते, चकतीसकट. म्हणजे स्क्रू उपटले नव्हते, पत्राच स्क्रूच्या डोक्यावरून फाटून निघाला होता. आवारात सापडलेल्या पत्र्यांची भोकं बघितली. गोल भोकं लांबट झाली होती, एका बाजूला फाटलेली, आणि फाटलेल्या कडेचा धातू चकचकीत होता. हा ताजा, जोराने झालेला फाट. पूर्वेच्या पाख्यावर मात्र तीन पत्र्यांच्या स्क्रूंभोवती तपकिरी कडं होतं, धातू कागदासारखा पातळ होऊन झडला होता. ही वर्षानुवर्षांची गंजाई.

हा फरक दाव्यात सगळ्यात महत्त्वाचा. वादळाची पॉलिसी वाऱ्याने झालेलं नुकसान भरते. झीज, गंज, दुरुस्ती न केल्याने आलेली गळती ती भरत नाही. आणि चकचकीत कड फार दिवस तशी राहत नाही, पाऊस लागला की काही दिवसांतच तीही तांबूस व्हायला लागते. मग ताजा फाट आणि जुनी गंजाई यांत फरक सांगणं अवघड होऊन बसतं. मालकाच्या मुलाने पहिल्याच सकाळी, ताडपत्री टाकायच्या आधी, 23 फोटो काढले होते. त्यातल्या चारांत फाटलेली भोकं स्पष्ट होती. त्या चार फोटोंची किंमत त्याला माहीत नव्हती. त्याने ते सहज काढले होते.

पण कंपनीला पाठवताना ते चॅटवरून गेले होते. चॅटवर फोटोचा आकार कमी होतो आणि कधी, कोणत्या फोनने काढला ही आत दडलेली माहिती बहुधा पुसली जाते. आलेल्या फोटोत भोक एक राखाडी ठिपका दिसत होता. फोनमधल्या मूळ फाइली शाबूत होत्या हे नशीब. त्या तशाच, न कापता, न उजळवता, एका फोल्डरमध्ये घेतल्या आणि ईमेलने पाठवल्या. आपल्या प्रतींना क्रमांक दिले, मूळ फाइलींना हात लावला नाही.

नंतर आम्ही राहिलेले फोटो काढले. माझी पद्धत सोपी आहे: आधी लांबून, मग मधून, मग जवळून, आणि तिन्ही फोटो एकाच ठिकाणचे. लांबच्या फोटोत इमारत ओळखू यावी. मधल्यात कुठली खोली किंवा छताचा कुठला भाग ते कळावं. जवळच्यात मोजपट्टी धरलेली असावी. नुसता जवळचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. फाटलेलं भोक कुठल्याही छताचं असू शकतं. खोलीत शिरताना दरवाज्यावरच्या क्रमांकाचा एक फोटो, मग आतले. सगळे मिळून 58 झाले. जास्त काढले असते तरी चाललं असतं, पण पत्रासोबत दोनशे फोटो गेले की वाचणारा पहिले दहा बघतो.

आता पाणी. इथे बहुतेक हॉटेलमालक अडखळतात. अनेक पॉलिसींत वादळी पावसाने आतल्या सामानाचं नुकसान भरलं जातं, पण एका अटीवर: आधी वाऱ्याने छताला किंवा भिंतीला भगदाड पाडलं पाहिजे आणि पाणी त्या भगदाडातून आलं पाहिजे. उघड्या खिडकीतून, दरवाज्याच्या फटीतून, जुन्या गळतीतून आलेलं पाणी यात बसत नाही. जमिनीवरून चढून आलेलं पाणी हे बहुतेक ठिकाणी वेगळं संकट धरलं जातं, त्याचे नियम वेगळे. म्हणून पत्रात प्रत्येक भिजलेल्या वस्तूच्या मागे एक वाट दाखवावी लागते: वारा, पत्रा, भगदाड, छताखालचं आतलं आवरण, वस्तू.

खोल्यांची रुंदी 4 मीटर. 14 मीटर छत गेलं म्हणजे 201, 202, 203 या तीन खोल्या पूर्ण आणि 204 ची निम्मी उघडी पडली. आतली पाहणी याच्याशी तंतोतंत जुळली. 204 मध्ये दोन खाटा होत्या. 203 च्या भिंतीकडची गादी चिंब, दाराकडची कोरडी. मी दोघींचा एकत्र फोटो घ्यायला सांगितला. मालकांना ते पटेना. "कोरडी गादी कशाला दाखवायची?" म्हणाले. मी म्हटलं, तीच तर ओल्या गादीची साक्षीदार आहे.

भिजलेल्या गादीचा डाग वरच्या बाजूला होता, मधोमध गडद आणि कडेला फिकट कडं. उलटवून पाहिली तर खालची बाजू जवळजवळ कोरडी. वरच्या बाजूला पांढऱ्या छताचे ओले तुकडे चिकटले होते. पाणी वरून आलं, आतलं छत फोडून आलं, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. ते तुकडे झाडून टाकू नका, असं खोली साफ करणाऱ्या बाईंना तेव्हाच सांगितलं.

मग 205. या खोलीचा पडदा ओला, भिंत ओली, गालिचा ओला, आणि मालकांना तिचेही पैसे हवे होते. पण 205 वरचं छत शाबूत होतं, आतलं छत कोरडं होतं. पाणी खिडकीच्या चौकटीच्या फटीतून आलं होतं. पूर्वेच्या बाजूच्या 209 मध्ये आतल्या छतावर जुना पिवळा डाग होता, तो गंजलेल्या तीन पत्र्यांखालीच. दोन्ही खोल्या दाव्यातून काढायच्या, असं मी सांगितलं. अर्धा तास वाद झाला. त्यांचं म्हणणं, घालून तर बघू, कापलं तर कापलं. माझं म्हणणं वेगळं आहे. 209 मध्ये जाऊन सर्वेक्षकाने गंज पाहिला की त्याच डोळ्याने तो पश्चिमेचं पाखंही बघतो. दोन खोल्यांच्या हव्यासापायी चार खोल्यांचा दावा डळमळीत होतो.

सामानात एक चूक आधीच होऊन गेली होती. भिजलेले गालिचे वास मारतात म्हणून दुसऱ्या दिवशी फेकून दिले होते. खरं तर सर्वेक्षक येईपर्यंत खराब झालेला माल ठेवायचा असतो. ओलं कापड आणि गाद्या 24 ते 48 तासांत वाळल्या नाहीत तर बुरशी धरते, त्यामुळे ठेवणंही कठीण असतं. अशा वेळी कंपनीला ईमेल करायचा: हा माल बाहेर काढत आहोत, फोटो घेतले आहेत, हरकत असल्यास कळवा. त्याशिवाय प्रत्येक वस्तूचा एक तुकडा कापून ठेवायचा. इथे सुदैवाने गालिचे बसवताना उरलेला एक पट्टा कोठीत होता आणि खरेदीचं बिल सापडलं. गाद्या आम्ही आवारातल्या रिकाम्या खोलीत उभ्या करून ठेवल्या, एकमेकींना न टेकवता.

ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात एकच ओळ होती: "छत बदलणे, 6,00,000." या ओळीतून काहीच तपासता येत नाही. त्याला परत बोलावलं आणि फक्त पश्चिमेच्या 14 पत्र्यांपुरतं मोजून लिहायला सांगितलं: किती चौरस मीटर, पत्र्याची जाडी, आढ्याची पट्टी किती मीटर, वाकलेल्या आडव्या पट्ट्या किती, सामान वेगळं, मजुरी वेगळी. त्याने नव्या पत्र्याची जाडी 0.5 मिलिमीटर धरली होती. जुना मोजला तर 0.4 निघाला. जाड पत्रा बसवणं शहाणपणाचंच, पण तो फरक म्हणजे सुधारणा. विमा होतं तेवढं परत करतो, त्याहून चांगलं करून देत नाही. म्हणून त्याने दोन्ही भाव लिहिले आणि दाव्यात 0.4 चा घेतला. तेच मोजमाप दुसऱ्या ठेकेदाराला देऊन त्याच्याकडूनही भाव घेतला. दोन अंदाजपत्रकं घ्यायची तर मोजमाप एकच असावं लागतं, नाहीतर तुलना होत नाही आणि स्वस्तातलं निवडलं जातं.

छताचं काम 1,40,000, चार खोल्यांचं आतलं छत 60,000, वायरिंग आणि दिवे 20,000. त्याशिवाय पहिल्या सकाळी ताडपत्री, दोर आणि मजुरी यांवर 20,000 गेले होते. हे मालकांनी दाव्यात धरलेच नव्हते. नुकसान वाढू नये म्हणून धडपड करणं हे विमाधारकाचं कर्तव्य असतं आणि त्यासाठीचा वाजवी खर्च बहुतेक पॉलिसींत मागता येतो. इमारतीचे एकूण 2,40,000 झाले. बुडालेल्या बुकिंगचे पैसे आम्ही काढून टाकले. त्यासाठी व्यवसाय बंद पडण्याचं वेगळं विमाकवच लागतं आणि यांनी ते घेतलेलं नव्हतं.

मग पत्र लिहिलं. ते असं होतं.

"विषय: वादळाने छताचे व सामानाचे नुकसान. पॉलिसी क्रमांक …, दावा क्रमांक …

महोदय,

दि. … रोजी पहाटे सुमारे 3:40 वाजता जोरदार वाऱ्याने आमच्या हॉटेलच्या पश्चिमेकडील उतरत्या छताचे 9 पत्रे उडाले व लगतचे 5 पत्रे वाकले. एकूण बाधित क्षेत्र 84 चौ.मी. आहे. छताचे उर्वरित 34 पत्रे जागेवर आहेत. जवळच्या हवामान केंद्राची त्या रात्रीची वाऱ्याच्या वेगाची नोंद सोबत जोडली आहे.

या घटनेची सूचना आम्ही दुसऱ्याच दिवशी पत्राने दिली होती. त्या पत्रातील 'संपूर्ण छत' हे वर्णन व 9,50,000 हा अंदाज प्रत्यक्ष मोजणीपूर्वी घाईत लिहिला होता. त्याऐवजी या पत्रातील तपशील ग्राह्य धरावा.

छत उघडे पडल्याने पावसाचे पाणी खोली क्र. 201, 202, 203 व 204 च्या दक्षिणेकडील निम्म्या भागात आले व आतील छत कोसळले. त्यामुळे 7 गाद्या, 3 कपाटे, तसेच या खोल्यांतील पडदे व गालिचे खराब झाले. प्रत्येक वस्तूची खोली, खरेदीचे वर्ष, बिल व फोटो क्रमांक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. खोली क्र. 205 व 209 मधील ओल या घटनेतील भगदाडातून आलेली नसल्याने त्यांचा दावा आम्ही करीत नाही.

सकाळी 10 वाजेपर्यंत उघड्या भागावर ताडपत्री टाकली. त्यापूर्वीचे 23 व नंतरचे 35 फोटो मूळ स्वरूपात पाठवीत आहोत. फाटलेले पत्रे, उभे राहिलेले स्क्रू व भिजलेल्या गाद्या पाहणीसाठी ठेवल्या आहेत. 204 मधील एक गालिचा आरोग्याच्या कारणाने आपल्या पाहणीपूर्वी काढून टाकला. इतर गालिचेही त्याच दिवशी टाकले गेले. त्यांचा उरलेला तुकडा, फोटो व बिल उपलब्ध आहे.

इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज, तात्पुरत्या संरक्षणाच्या खर्चासह, 2,40,000 व सामानाची नवी किंमत 1,80,000 आहे. पत्रे उघडल्यावर आतील लोखंडी सांगाड्याचे आणखी नुकसान आढळल्यास पुरवणी अंदाज देण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

सर्वेक्षकांनी लवकर पाहणी करावी, ही विनंती. त्यांच्या पाहणीपूर्वी कायमची दुरुस्ती सुरू करणार नाही.

आपला, …"

गालिच्यांबद्दलची दोन वाक्यं थोडी अडखळतात, मला माहीत आहे. मालकांनी आधी फक्त 204 च्या गालिच्याचं सांगितलं, बाकीचे सही करायच्या क्षणी आठवले. मी ती ओळ तशीच घातली. चूक लपवली असती तर ती सर्वेक्षकाला खोलीत शिरताच कळली असती.

आधीच्या पत्रातला आकडा मागे घेणारा परिच्छेद लिहिताना मालक फार अस्वस्थ होते. आपणच आपला आकडा निम्म्याहून कमी करायचा, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पण वाढवलेला आकडा तसाच ठेवणं जास्त धोक्याचं. मुद्दाम फुगवलेला दावा असं कंपनीला दाखवता आलं, तर काही पॉलिसींत सगळाच दावा बुडतो.

सर्वेक्षक पाचव्या दिवशी आले. शिडीवर चढले, 14 मोजले, आवारात येऊन पत्र्याच्या भोकात बोट घातलं. 203 मध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पाणी कुठून आलं ते बोटाने दाखवा." मालकांनी वर बोट केलं. उघड्या सांगाड्यातून निळी ताडपत्री दिसत होती. त्यांनी फोटो क्रमांक 31 तक्त्याशी ताडून पाहिला आणि पुढे गेले. 209 चं दार त्यांनी स्वतःहून उघडलं, छतावरचा डाग पाहिला, पत्रातली ओळ वाचली आणि काही न बोलता दार लावलं.

हिशोब मात्र मालकांना वाटला तसा झाला नाही. याचं कारण पत्रात नव्हतं, पॉलिसीत होतं. इमारत 60 लाखांना विमाकृत होती आणि तशीच इमारत आज उभी करायला सर्वेक्षकाच्या हिशोबाने 80 लाख लागले असते. म्हणजे खऱ्या किमतीच्या 75 टक्केच विमा. अशा वेळी नुकसान छोटं असलं तरी त्याच प्रमाणात मिळतं, कारण उरलेल्या 25 टक्क्यांचा धोका मालकाने स्वतःकडे ठेवला असं धरलं जातं. "पण माझं नुकसान साठ लाखांच्या कितीतरी आत आहे," ते म्हणाले. सगळेच म्हणतात.

2,40,000 मधून भंगार पत्र्यांचे 8,000 वजा झाले, उरले 2,32,000. त्याचे 75 टक्के 1,74,000. इमारतीला नव्या किमतीने भरपाईची अट होती, त्यामुळे जुनेपणाबद्दल कपात झाली नाही. सामान मात्र बाजारभावाने होतं. 84,000 च्या गाद्या चार वर्षं वापरलेल्या आणि आयुष्य आठ वर्षं धरलेलं, म्हणून 42,000. कपाटं 54,000 ची, बारापैकी चार वर्षं झालेली, म्हणून 36,000. पडदे आणि गालिचे 42,000 चे, सहापैकी दोन वर्षं, म्हणून 28,000. सामानाची विमा रक्कम पुरेशी होती, तिथे प्रमाणाची कात्री लागली नाही. एकूण 1,06,000. दोन्ही मिळून 2,80,000. त्यातून पॉलिसीतली मालकाने स्वतः सोसायची 20,000 ची रक्कम वजा होऊन 2,60,000 मंजूर झाले.

गाद्यांच्या आयुष्यावरून थोडी ओढाताण झाली. सर्वेक्षकांनी आधी सहा वर्षं धरली होती, म्हणजे 28,000 आले असते. आम्ही गादी बनवणाऱ्याचं हमीपत्र दाखवलं, त्यावर आठ वर्षं लिहिलेली होती, आणि ते मान्य झालं. 34 शाबूत पत्र्यांच्या रंगाशी नवे पत्रे जुळत नव्हते, तो मुद्दा मी मांडलाच नाही. पॉलिसीत रंग जुळवण्याबद्दल एक शब्द नव्हता.

इमारतीच्या रकमेतला जुनेपणाचा भाग कंपनीने रोखून ठेवला होता. नव्या किमतीची भरपाई दुरुस्ती खरोखर झाल्यावरच पूर्ण मिळते, तोवर बाजारभावाइतकीच. मालकांना हे ठाऊक नव्हतं आणि ते दुरुस्ती पुढच्या मोसमावर ढकलायच्या विचारात होते. काम दीड महिन्यात उरकलं, बिलं दिली, उरलेली रक्कम आली. पत्रे 0.5 चे बसले, जाडीचा फरक त्यांनी खिशातून भरला. त्याच मजुरांकडून पूर्वेचे तीन गंजलेले पत्रेही बदलून घेतले, त्यांचं बिल वेगळं करून घ्यायला मी सांगितलं होतं, म्हणजे ते चुकूनही दाव्याच्या बिलात मिसळू नये. पॉलिसीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरताना त्यांनी इमारतीच्या रकमेच्या रकान्यात 60 लिहिले, खोडले आणि 80 केले.